मूठभर म्हणजे किती? मावशीची अळूची भाजी इंग्रजीत उतरवताना

मावशीने अळूच्या भाजीची कृती मेसेजमध्ये पाठवली आहे. माझी वहिनी अमेरिकन आहे, तिला मराठी वाचता येत नाही आणि भाजी मात्र स्वतःच करायची आहे. मेसेजमध्ये चार ठिकाणी 'मूठभर' आहे. सगळीकडे 'हँडफुल' लिहिलं तर चालेल का? बाकीच्या अंदाजांचं काय करू? मेसेज असा आहे:

"अगं, काही कठीण नाही त्यात. अळूची एक जुडी घे, देठं सोलून घे बाई, नाहीतर घसा खवखवेल. मूठभर हरभऱ्याची डाळ आणि मूठभर दाणे कुकरला लाव, अळू पण त्यातच दुसऱ्या भांड्यात. तीन-चार शिट्ट्या पुरे. मग छान घोट आणि मूठभर डाळीचं पीठ लाव. लिंबाएवढी चिंच, गूळ त्या बेताने. मीठ-तिखट तुझ्या अंदाजाने. पळीवाढी ठेव, गोळा नको करूस. वरून पळीभर तेलाची फोडणी, मेथीचे चार दाणे, हिंग सढळ हाताने. मूठभर खोबऱ्याचे काप असले तर बहार. आणि हो, डाळ-दाणे सकाळीच भिजत घाल हं. चौघांना पुरते."

———

नाही चालणार. या चार मुठी एका जातीच्या नाहीत. डाळ आणि दाण्यांची मूठ म्हणजे खरंच मापाची मूठ आहे. पिठाच्या मुठीवर भाजीचा घट्टपणा ठरतो. खोबऱ्याची मूठ निव्वळ हौसेची. यातली शेवटची तेवढी 'हँडफुल' म्हणून खुशाल पाठवा, उरलेल्या तिन्हींना आकडा द्यावा लागेल. मी मराठी कृती इंग्रजीत करून देण्याचं काम बरीच वर्षं करते आहे, आणि माझा बराचसा वेळ हे ठरवण्यातच जातो की कुठलं माप धरून ठेवायचं आणि कुठलं सोडून द्यायचं.

आधी हाताचंच बघू. आपली मूठ मिटलेली असते. बोटं मिटल्यावर आत राहील तेवढंच मूठभर. एका हाताचा खोलगट तळवा भरला की तो पसा, दोन्ही हात जोडले की ओंजळ. इंग्रजी कृतीत 'हँडफुल' वाचणारा माणूस बोटं मिटत नाही, भांड्यात हात घालून येईल तेवढं उचलतो. म्हणजे त्याचं माप पशाकडे झुकतं, आणि पसा मुठीच्या दुपटीच्या आसपास सहज जातो. वहिनीने पसाभर डाळ, पसाभर दाणे आणि पसाभर पीठ घेतलं तर अळूच्या भाजीऐवजी अळू घातलेली डाळ होईल, आणि पिठामुळे ती कढईतच बसेल.

मग मावशीची मूठ मोजायची कशी? "मावशी, किती ग्रॅम?" हे विचारू नका. त्यांना ते माहीत नसतं, आणि तुमच्या समाधानासाठी काहीतरी आकडा सांगून टाकतात. व्हिडिओ कॉल करा आणि त्यांना नेहमीसारखी मूठ भरून ताटलीत ओतायला सांगा. दाणे असतील तर सरळ मोजायला लावा. चाळीस-पन्नास दाणे निघाले, तर साध्या आकाराच्या कच्च्या दाण्यांचं वजन २५ ते ३० ग्रॅमच्या घरात जातं. डाळीसाठी त्यांना हाताशी असलेला पोह्यांचा चमचा घ्यायला सांगा आणि ती ओतलेली डाळ किती सपाट चमच्यांत मावते ते बघा. मग त्याच चमच्यात पाणी किती मावतं ते औषधाच्या बाटलीबरोबर मिळणाऱ्या मापाच्या झाकणाने मोजून घ्या. ही खटपट वाटते, पण दहा मिनिटांचं काम आहे, आणि मावशी त्या दहा मिनिटांत मेसेजमध्ये न लिहिलेल्या आणखी तीन गोष्टी सांगून जातात.

कॉल शक्य नसेल तर मी हे धरते: बाईमाणसाच्या मध्यम हाताची मिटलेली मूठ म्हणजे डाळीसारख्या बारीक धान्याचे साधारण तीन टेबलस्पून. अमेरिकन टेबलस्पून १५ मिलिलिटरचा असतो, म्हणून हरभऱ्याची डाळ ३५ ते ४० ग्रॅम भरते. दाणे आकाराने मोठे, मध्ये फटी राहतात, म्हणून तेवढ्याच जागेत ते २५ ते ३० ग्रॅमच बसतात. पीठ मुठीत दाबलं जातं आणि हात उघडला की निम्मं बोटांना चिकटतं. पिठाच्या बाबतीत म्हणूनच मी मुठीवर विश्वास ठेवतच नाही, घट्टपणावरून उलटं मोजते. ते पुढे येईल.

डाळीच्या ओळीत आणखी एक सापळा आहे, आणि तो मापाचा नसून स्वल्पविरामाचा आहे. इंग्रजी कृतीत घटकाआधी आलेलं विशेषण मोजायच्या आधीचं असतं आणि स्वल्पविरामानंतर आलेली क्रिया मोजल्यानंतरची. 'थ्री टेबलस्पून्स सोक्ड चना डाल' लिहिलंत तर वहिनी आधी डाळ भिजवेल आणि फुगलेली डाळ तीन टेबलस्पून घेईल. हरभऱ्याची डाळ भिजल्यावर दुपटीच्या जवळ जाते, म्हणजे मावशीच्या डाळीच्या निम्मीच डाळ भाजीत पडेल. 'थ्री टेबलस्पून्स चना डाल, सोक्ड फोर अवर्स' असं लिहिलं की माप कोरड्या डाळीचं ठरतं. मावशी सकाळी कोरडी डाळ मुठीने काढून भिजत घालतात, म्हणून हे दुसरं बरोबर. अशा प्रत्येक ओळीपाशी स्वतःला विचारा: मावशींनी हात घातला तेव्हा ती वस्तू कोणत्या अवस्थेत होती?

नावाचंही पक्कं करा. चना डाळीच्या जागी अमेरिकन दुकानात 'यलो स्प्लिट पीज' सहज मिळतात आणि दिसायला जवळपास तशाच असतात, पण ते वाटाणे आहेत, लवकर विरघळतात आणि या भाजीत डाळीचा दाणा लागायला हवा. म्हणून 'चना डाल' हेच नाव ठेवा आणि पुढे 'स्प्लिट चिकपीज' जोडा. डाळीचं पीठ 'लेंटिल फ्लोअर' नव्हे. तिकडे ते 'चिकपी फ्लोअर' किंवा 'बेसन' या नावाने मिळेल. आणि 'तिखट' हा शब्द सर्वांत जास्त दगा देतो: अमेरिकेत 'चिली पावडर' नावाच्या बाटलीत बहुतेक वेळा जिरे, लसूण, ओरेगॅनो घातलेला तयार मसाला असतो. अळूच्या भाजीत तो गेला तर चव पूर्ण बदलते आणि वहिनीला वाटेल की ही भाजी अशीच असते. 'प्युअर ग्राउंड रेड चिली, नॉट चिली पावडर ब्लेंड' असं स्पष्ट लिहा. काश्मिरी मिळाली तर एक टीस्पून, केयेन असेल तर पाव टीस्पूनवर सुरुवात.

आता अळू. या मेसेजमधलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य मावशींनी जाता जाता टाकलं आहे: नाहीतर घसा खवखवेल. अळूच्या पानात आणि देठात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला अळू खाल्ला तर ओठ, जीभ, घसा यांना टोचल्यासारखी खाज सुटते. आपल्याला हे घरातून माहीत असतं, म्हणून मावशींना अर्धं वाक्य पुरतं. पालक कच्चा खाणाऱ्या माणसाला ते पुरत नाही. तो पान तोडून चाखून बघेल. इंग्रजी कृतीत हा इशारा साहित्याच्याही वर, ठळक हवा: पानं पूर्ण शिजल्याशिवाय चाखायची नाहीत, आणि चिरताना हातमोजे घालायचे किंवा हाताला तेल लावायचं.

नावातही गोंधळ होतो. 'टॅरो लीव्हज' लिहा. 'एलिफंट इअर' लिहू नका, कारण त्या नावाने शोभेची झाडं विकतात आणि त्यांतली बरीच खायची नसतात. कॅरिबियन दुकानात हीच पानं 'डशीन' म्हणून मिळतात, फिलिपिनो दुकानात 'गाबी', हवाईकडे 'लूआउ लीव्हज'. 'कॅलालू' हा शब्द मात्र टाळा. त्रिनिदादमध्ये तो अळूच्या पानांना आणि त्यांच्या पदार्थाला लावतात, जमैकामध्ये त्याच नावाने माठासारखी पालेभाजी विकतात. वहिनीला चुकून दुसरी मिळाली तर भाजी बिघडणार नाही, पण ती अळूची नसेल.

'जुडी' हे मापही असंच सोडता येत नाही. आपल्याकडची अळूची जुडी म्हणजे आठ-दहा मध्यम पानं देठांसकट, पाव किलोच्या आसपास. अमेरिकेतला 'बंच' कशाचाही आणि कितीही असू शकतो. मी 'एट टू टेन मीडियम लीव्हज विथ टेंडर स्टेम्स, अबाउट नाइन आउन्सेस' असं लिहीन. नऊ औंस म्हणजे २५५ ग्रॅम, आपला पाव किलो. देठं सोलणं हे वहिनीने कधी केलेलं नसणार, म्हणून एक वाक्य खर्च करा: देठाच्या टोकाला सुरीने हलकं कापून वरची पातळ साल दोऱ्यासारखी ओढून काढायची, मग बोटभर तुकडे करायचे.

शिट्ट्या. 'थ्री व्हिसल्स' हे इंग्रजीत अर्थहीन आहे, कारण अमेरिकेत प्रेशर कुकर असलाच तर तो बहुधा इलेक्ट्रिक असतो आणि तो शिट्टी देत नाही. शिट्टी हे वेळेचं माप आहे असं समजून मिनिटांत टाका. मध्यम आचेवर आपल्या कुकरच्या तीन-चार शिट्ट्या दहा-बारा मिनिटांत होतात. गॅसवरच्या कुकरसाठी: पूर्ण प्रेशर आल्यावर आच कमी करून दहा मिनिटं, मग प्रेशर आपोआप उतरू द्यायचं. इलेक्ट्रिक भांड्यांचा दाब सहसा थोडा कमी असतो, त्यांना हाय प्रेशरवर पंधरा मिनिटं आणि नॅचरल रिलीज. कुकरच नसेल तर भिजलेली डाळ आणि दाणे एका पातेल्यात, अळू दुसऱ्या पातेल्यात, झाकून मंद उकळीवर पाऊण तास. आणि घड्याळापेक्षा खूण महत्त्वाची: डाळ दोन बोटांत दाबली की मऊ पण अख्खी, अळू चमच्याने दाबला की लगेच पसरणारा. अळू दाबल्यावर तंतू दिसत असेल तर आणखी शिजवा. प्रत्येक वेळेपुढे अशी एक खूण लिहिलीत तर वहिनीचा कुकर कोणता हे तुम्हाला माहीत नसलं तरी चालतं.

'घोट' म्हणजे रवीने घुसळून अळू एकजीव करणं. इथे 'ब्लेंड' लिहिलंत तर वहिनी डाळ-दाण्यांसकट सगळं ब्लेंडरमध्ये घालेल. 'विस्क व्हिगरसली ऑर मॅश' लिहा, आणि डाळ-दाणे त्यानंतर घालायचे हे वेगळ्या पायरीत सांगा. मावशी अळू आणि डाळ वेगळ्या भांड्यांत का लावतात त्याचं कारणच हे आहे, पण मेसेजमध्ये ते नुसतं 'दुसऱ्या भांड्यात' इतकंच येतं.

पिठाची मूठ आता सोडवू. मावशींनी भाजी कशी हवी ते एका शब्दात सांगितलं आहे: पळीवाढी. पळीने वाढता येते, पळी उलटी केली की ओघळते पण पाण्यासारखी धावत नाही, भातावर घातली की पसरते आणि भाताच्या आत झिरपून नाहीशी होत नाही. इंग्रजीत याला सरळ शब्द शोधत बसण्यापेक्षा दोन खुणा द्या: 'लाइक अ थिक लेंटिल सूप', आणि चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली तर ती क्षणभर तशीच राहते. हा घट्टपणा गाठायला पाव किलो अळू, वर सांगितलेली मूठभर डाळ आणि एकूण दोन कप पाणी असेल तर बेसनाचे दोन सपाट टेबलस्पून, म्हणजे १५ ग्रॅमच्या आसपास, पुरतात. शिजलेला अळू स्वतःच बुळबुळीत दाटपणा देतो. म्हणून पिठाची मूठ पूर्ण भरून घेतली तर गार झाल्यावर भाजीचा गोळा होतो, आणि मावशी त्यालाच 'गोळा नको करूस' म्हणतात. हे त्यांच्या हाताला माहीत आहे. त्यांची पिठाची मूठ सैल असते, डाळीची घट्ट.

'पीठ लाव' याचीही पायरी करून द्या. कोरडं पीठ उकळत्या भाजीत टाकलं की गुठळ्या होतात. अर्धा कप गार पाण्यात पीठ कालवायचं, ते भाजीत हळूहळू ओतत ढवळायचं, आणि त्यानंतर निदान सात-आठ मिनिटं मंद उकळी द्यायची. त्याआधी गॅस बंद केला तर कच्च्या पिठाचा वास राहतो. हे दोन कप पाण्यातलंच अर्धा कप, हेही लिहा, नाहीतर वहिनी वरून आणखी अर्धा कप घालेल. अमेरिकन मापाचा कप २४० मिलिलिटरचा असतो. मावशी 'वाटी' म्हणाल्या असत्या तर मी कप लिहिण्याआधी विचारलं असतं, कारण घरातली वाटी शंभरपासून दोनशे मिलिलिटरपर्यंत कुठलीही असते.

लिंबाएवढी चिंच. 'लेमन-साइझ्ड' लिहू नका. आपलं लिंबू म्हणजे कागदी लिंबू, त्यांच्या लेमनच्या निम्म्याहूनही लहान. अमेरिकन लेमनएवढा चिंचेचा गोळा म्हणजे सात-आठ जणांची भाजी आंबटढाण. 'अ वॉलनट-साइझ्ड पीस ऑफ टॅमरिंड पल्प, अबाउट वन आउन्स' बरोबर जातं. एक औंस म्हणजे २८ ग्रॅम. ती अर्धा कप गरम पाण्यात भिजवून, कोळून, गाळून घ्यायची. हा अर्धा कपही त्या दोन कपांतलाच. चिंचेचं तयार कॉन्सन्ट्रेट बाटलीत मिळतं, काळं आणि खूप तीव्र. त्याला हे माप लागू नाही. एक टीस्पूनने सुरुवात करून वाढवत नेणं सुरक्षित. वहिनी कोणतं वापरणार हे आधी विचारा, आणि कृतीत दोन्हींची मापं द्या.

'गूळ त्या बेताने' हे सोपं वाटतं आणि नाही. चिंचेच्या बेताने म्हणजे आंबट पुढे, गोड मागे, पण गोड जाणवलं पाहिजे. एवढ्या चिंचेला किसलेल्या गुळाचे दोन टेबलस्पून धरा. गूळ नसेल तर डार्क ब्राउन शुगर तेवढीच. आणि क्रम लिहा: आधी चिंच, पाच मिनिटं उकळी, मग गूळ आणि मीठ, मगच चव. या भाजीत चव बघायची पहिली वेळ हीच, कारण तोवर अळू शिजून आणि चिंचेबरोबर उकळून झालेला असतो. चाखताना जीभ किंचितही टोचली तर झाकण ठेवून आणखी पंधरा मिनिटं मंद शिजवायचं आणि थोडा कोळ वाढवायचा. हेच वाक्य कृतीत जसंच्या तसं टाका.

मीठ. 'टू टेस्ट' लिहायला हरकत नाही, पण त्याआधी एक आकडा हवा, नाहीतर मराठी चव माहीत नसलेला माणूस कुठे थांबायचं ते ठरवू शकत नाही. या मापाला एक टीस्पून साधं टेबल सॉल्ट ही सुरुवात. अमेरिकेत बरेच जण स्वयंपाकाला कोशर सॉल्ट वापरतात. त्याचे खडे पोकळ असल्यामुळे काही प्रकारांत त्याच चमच्यात निम्मंच मीठ बसतं. म्हणून 'वन टीस्पून टेबल सॉल्ट, ऑर सिक्स ग्रॅम्स' असं वजन जोडलं की वाद मिटतो.

आता फोडणी, जिथे मावशींनी सर्वांत जास्त गृहीत धरलं आहे. 'पळीभर तेलाची फोडणी' म्हटल्यावर मोहरी आणि हळद आपोआप आलीच. त्यांनी ती लिहिली नाहीत, कारण आपल्याकडे ती फोडणी या शब्दातच असतात. वहिनीने लिहिलं तेवढंच घेतलं तर भाजीत मोहरी नाही, हळद नाही, आणि रंगही नाही. हे गृहीत घटक शोधण्याची माझी रीत अशी: कृती वाचून झाली की मनातल्या मनात ती भाजी करायची आणि प्रत्येक वेळी कुठला डबा उघडला ते लिहून काढायचं. डब्यांची यादी आणि मेसेजची यादी जुळत नसेल तिथे मावशींना विचारायचं. इथे अर्धा टीस्पून मोहरी आणि अर्धा टीस्पून हळद मी धरेन, पण मावशींना विचारून. काही घरांत यात गोडा मसाला जातो, काही घरांत हिरवी मिरची. मेसेजमध्ये नाही म्हणून नाहीच, असं ठरवू नका.

पळीभर तेल दोन टेबलस्पून. मेथीचे चार दाणे खरोखर चार नव्हेत. 'चार' म्हणजे थोडे, जसे 'चार लोक काय म्हणतील' मधले चार. टीस्पूनचा आठवा भाग लिहा. मेथी तांबूस झाली की पुढचा घटक, काळी झाली तर सगळी फोडणी कडू. हिंग सढळ हाताने म्हणजे पाव टीस्पून, आणि सोबत एक सूचना: डबीतला बांधणी हिंग अनेकदा गव्हाच्या पिठात कालवलेला असतो. वहिनीकडे कोणी गव्हाचं ग्लूटेन टाळत असेल तर डबीवर वाचायला सांगा. दाणे असल्यामुळे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी विचारणं तर तिकडे रीतच आहे.

फोडणीला 'टेम्परिंग' हा शब्द छापील पुस्तकांत वापरतात, पण घरी चॉकलेट करणाऱ्याला तो वेगळंच सांगतो. मी शीर्षकासारखा एकदा वापरते आणि लगेच खाली क्रिया लिहिते: छोट्या कढईत तेल मध्यम आचेवर तापवा, मोहरी घाला, तडतड थांबत आली की मेथी, मग आच बंद करून हिंग, हळद आणि तिखट, आणि लगेच ते भाजीवर ओता. आच बंद करण्याचं वाक्य विसरू नका. मावशी कढई आपसूक उचलतात, वहिनी उचलणार नाही आणि तिखट जळेल. झाकण हाताशी ठेवा असंही लिहा, मोहरी डोळ्यांपर्यंत उडते.

सगळं जमलं की क्रम लावा. मेसेजमध्ये भिजवणं शेवटी आलं आहे, कारण मावशींना ते तेव्हा आठवलं. इंग्रजी कृती वाचणारी व्यक्ती वरून खाली करत जाते. ती साडेसहाला कामाला लागली आणि शेवटच्या ओळीत 'सोक फोर अवर्स' वाचलं, तर त्या रात्री अळू होत नाही. म्हणून भिजवणं अगदी वर, शीर्षकाखालीच, 'चार तास आधी' अशा शब्दांत. त्यानंतर मुखपृष्ठासारखी एकच ओळ: चौघांना, भाताबरोबर. इथेही 'सर्व्ह्स फोर' लिहिताना 'अ‍ॅज अ साइड विथ राइस' जोडा. मावशींच्या चौघांच्या ताटात पोळी, भात, कोशिंबीर असते. नुसती वाटीभर घेऊन बसणाऱ्यांना ती दोघांपुरतीच होईल. साहित्य त्याच क्रमाने लिहा ज्या क्रमाने ते भांड्यात जातं: डाळ, दाणे, अळू, चिंच, गूळ, मीठ, बेसन, आणि फोडणीचं साहित्य वेगळ्या उपशीर्षकाखाली.

खोबऱ्याचे काप 'अ स्मॉल हँडफुल, ऑप्शनल'. कुठे घालायचे ते सांगा: डाळ-दाण्यांबरोबर कुकरमध्येच, म्हणजे मऊ होतात. फोडणीत घातले तर खुसखुशीत राहतात. मावशींनी सांगितलेलं नाही, त्यांना विचारा.

अळू मिळालाच नाही तर पालकाचीही अशीच पातळ भाजी होते, हे एका ओळीत तळाशी टाका, पण मापं बदलून. पालकाला अळूचा दाटपणा नसतो, म्हणून बेसन तीन टेबलस्पून. चिंच निम्मी. पालकाला कुकर लागत नाही, झाकून पाच मिनिटं पुरे, पण डाळ-दाणे आधी वेगळे शिजवून घ्यावे लागतात.

मावशींचा आवाज मात्र पूर्ण पुसू नका. 'देठं सोलून घे बाई' आणि 'मूठभर खोबऱ्याचे काप असले तर बहार' ही दोन वाक्यं कृतीच्या वर, दोन-तीन ओळींच्या परिच्छेदात ठेवा, देवनागरीत आणि खाली अर्थ देऊन. पायऱ्यांमध्ये त्यांना आणू नका. तिथे वहिनीच्या एका हातात कढई असणार आहे.

पाठवण्याआधी वहिनीला एकदा नुसती वाचायला द्या आणि ती कुठे थांबते ते बघा. ती 'रेग्युलर ओनियन चालेल का' असं विचारेल तर घाबरू नका, कांदा यात नसतो हे तिला कळलेलं नाही एवढंच. पण 'आता ढवळायचं की झाकायचं?' असा प्रश्न आला तर तिथे एक क्रिया लिहायची राहिली आहे. माझ्या अनुभवात ती जागा बहुतेक वेळा पीठ लावल्यानंतरची असते. इथे अधूनमधून ढवळायचं आणि झाकण अर्धवट ठेवायचं, कारण बेसन तळाला लागतं आणि पूर्ण झाकलं तर उतू जातं.

शेवटची ओळ शिळ्या भाजीची. अळूची भाजी थंड झाली की फ्रीजमध्ये घट्ट होते, आणि दुसऱ्या दिवशी वहिनीला वाटेल की बिघडली. गरम करताना पाव ते अर्धा कप गरम पाणी घालून ढवळा, पुन्हा पळीवाढी होते, आणि त्यानंतर मीठ एकदा पारखा, असं लिहा.